एका क्रूसाला तीन दांड्या

प्रिय दामिनी,

पत्र बघून घाबरू नकोस. अमरावतीत सगळे ठणठणीत आहेत. कूलरमध्ये पाणी कोण भरणार, यावरून तुझ्या आईचं आणि माझं नेहमीचं युद्ध सुरू आहे, म्हणजे संसार सुरळीत आहे. वलगावला बंडूमामा मात्र दोन दिवस तोंड लपवून होता. का, ते तुला ठाऊकच आहे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी तू अकोल्याहून रडवेल्या आवाजात फोन केलास आणि ‘प्रीतमच्या घरचे आता काय म्हणतील?’ विचारून ठेवून दिलास. पुढचं सविस्तर लिहितो.

मामाची शुभेच्छा देण्याची रीत तू जाणतेसच. ईद असो की महावीर जयंती, ॐ, चंद्रतारा, क्रूस आणि धम्मचक्र ओळीनं लावून तो सगळ्यांना एकच संदेश धाडतो. ‘सगळे खूश! कोनाले वाईट वाटाचं कामच नाही,’ हे त्याचं तत्त्वज्ञान. पण भाचीच्या होणाऱ्या सासरासाठी त्यानं खास मेहनत घेतली. मोबाइलच्या चित्रांत क्रूस दोन निघाले, एक साधा आणि एक तीन आडव्या दांड्यांचा. मामानं दांड्या मोजल्या आणि जास्तवाला उचलला. पुढं पणती, फटाके आणि ‘हॅपी गुड फ्रायडे’. हे सगळं आपल्या ‘सोयरे’ ग्रुपवर!

त्यावर तिकडून एक अक्षर नाही. दुपार झाली तरी नाही. तुझी आई देवापुढे बसली. मामा फोनवर म्हणे, ‘भाऊजी, मी तं चांगल्यासाठीच केलतं नं! आता पोरीचं लगन मोडते काय?’ मी त्याला एवढंच विचारलं, की तुझ्या बापाच्या तेरवीला कोणी ‘हॅपी तेरवी’ म्हणून फटाके उडवले असते, तर तू त्याला चहा पाजला असता का?

संध्याकाळी मी प्रीतमच्या आईला, रूथबाईंना, ग्रुपवर नाही, वेगळा संदेश केला. आमच्या बंडूला दिवसाचा अर्थ कळला नाही, मनात वाईट नव्हतं, असं साध्या शब्दांत लिहिलं. चित्र एकही घातलं नाही; दुधानं तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो. लगेच त्यांचाच फोन आला. सकाळी तयारीची घाई, दुपारी बारा ते तीन त्यांची चर्चमध्ये उपासना असते आणि त्या वेळी मोबाइल बंद. नंतर घरी पाहुणे. शांततेचं कारण एवढंच! वर हसून म्हणाल्या, ‘अहो, तुमचे बंडूभाऊ रशियाहून आले काय? तो क्रूस तिकडच्या चर्चचा हाये. आमच्याकडं साधा चालते.’

मग त्यांनी मला नीट सांगितलं. क्रूसाचं वावडं नाही, तो तर त्या दिवसाचाच. खटकलं ते ‘हॅपी’ आणि फटाके, कारण तो प्रभूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी ‘तुमच्या प्रार्थनेत आम्हीही आहोत’ एवढं पुरतं. आनंद रविवारी, पुनरुत्थानाच्या दिवशी. मी विचारलं, पाडव्याला तुम्ही आम्हाला नुसतं जास्वंदीचं फूल का पाठवलंत? म्हणाल्या, ‘ॐ पाठवावा असं मनात आलतं. पन तो तुमच्या पूजेतला. मी घरी म्हनत नाही, मग मेसेजले सजावट म्हनून कसा लावू? शंका आली, की फूल बरं.’ दामिनी, मी आयुष्यभर लोकांच्या भक्तीची टिंगल केली, पण या बाईपुढे मला विनोद सुचेना.

रविवारी मामा पहाटेच आमच्याकडे हजर. एक साधा क्रूस, पांढरी फुलं, ‘ईस्टरच्या मनापासून शुभेच्छा’. एवढ्यासाठी त्यानं तीन कप चहा घेतला. ‘कोंबडीचं पिल्लू टाकू काय? लोक टाकून राह्यले,’ म्हणाला. मी हात धरला. पाच मिनिटांनी रूथबाईंकडूनच धन्यवादासोबत अंड्यातून निघालेलं पिल्लू आलं! मामा दिवसभर मला ते दाखवत होता.

आता हे सगळं फोनवर न सांगता कागदावर का, ते सांगतो. दिवाळीत तू प्रीतमचं नाव काढलंस, तेव्हा मी ‘बघू’ म्हणालो होतो. सोयरे ग्रुप तुझ्या आईनं काढला, मी त्यात नुसता बसून होतो, आणि माझं ‘बघू’ तुझ्या घशात अडकून होतं, हे मला दिसत होतं. त्या शुक्रवारी ग्रुपवर शांतता पसरली, तेव्हा लग्न मोडायच्या भीतीनं सगळ्यांत जास्त घाम मला फुटला. तेव्हाच कळलं, की माझं बघून झालंय. बेटा, माझा होकार आहे. मोबाइलवर लिहायला घेतला होता, पण ‘हो’च्या पुढं कोणतं चित्र लावावं ते सुचेना. म्हणून तुझ्या आईच्या कुंडीतलं मोगऱ्याचं एक फूल पाकिटात घातलंय. पोचेपर्यंत सुकेल. वास मात्र राहील.

तुझाच,
बघून झालेला बाबा