ज्याला निरोप पाठवायचा नाही असा नायक

आई, शुक्रवारी नारपोलीतले कापड विणायचे लूम बंद असायचे म्हणून आपल्या घरात कादंबऱ्या वाचल्या गेल्या. बाकीचे दिवस भिंतीपलीकडे असा खडखडाट, की भाजीत मीठ घातलंस का, हेसुद्धा ओरडून विचारावं लागे. शुक्रवारी दुपारी बाबा ऑफिसात, आम्ही दोघी कॉलेजातून परतलेल्या, आणि तू ओटा पुसून वाचनालयाचं पुस्तक घेऊन भिंतीला टेकून मोठ्याने वाचायला बसायचीस. समोर मी आणि माझी मावसबहीण तांदूळ निवडत असू. ती गणेशपुरीहून शिकायला आपल्याकडे राहायला आली होती आणि दोन-चार महिन्यांतच माझ्यापेक्षा तुझीच जास्त झाली होती. वाचताना तुझा एकच नियम. पात्राबद्दल वाटेल ते बोला, पण पानावर बोट ठेवून बोला. बोट ठेवायला जागा सापडत नसेल तर गप्प बसून तांदूळ निवडा. पुढे मी आयुष्यभर कॉलेजात साहित्य शिकवलं, पण याच्यापलीकडचं फारसं काही शिकवलं असं मला वाटत नाही.

त्या वर्षी तू वाचत होतीस ती डोंगरातल्या डॉक्टरची कादंबरी. शहरातली प्रॅक्टिस सोडून तो दूरच्या खेड्यात दवाखाना काढतो, पटकीच्या साथीत दिवसरात्र राबतो, आणि त्याच दिवसांत तालुक्याच्या गावी बायकोपाशी असलेली त्याची स्वतःची मुलगी तापाने जाते. त्याला कळतं ते सगळं संपल्यावर. बहीण त्या डॉक्टरवर पुरती फिदा होती. आणि नेमकं तेव्हाच तिला पडघ्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा शाळेत मास्तर, शाळा सुटली की पाड्यांवर जाऊन मुलं शिकवायचा, रविवारीसुद्धा घरी नसायचा. "अगदी आपला डॉक्टर गं!" असं ती मला म्हणाली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. ती होकार देणार हे ठरल्यातच जमा होतं. मला मात्र डॉक्टरची ती तापाने गेलेली मुलगी आठवली.

म्हणून पुढच्या शुक्रवारी मी भांडण काढलं. मी म्हटलं, "तुझ्या डॉक्टरचं मला काही कौतुक नाही. पोर मेली आणि हा आला नाही."

"त्याला कळवलंच नाही कोणी," ती उसळली. "मावशी, ते पान काढ. हे बघ, बायको म्हणते, त्यांना कळवू नका. मग त्याचा काय दोष? ठाऊक नसलेल्या गोष्टीला माणूस कसा येणार?"

तिचं बोट बरोबर जागी होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पुस्तक ओढून घेतलं आणि मागे मागे जात राहिले. सुरुवातीच्या एका प्रकरणात बायको माणूस धाडते, सासूला बरं नाही म्हणून. डॉक्टर त्या माणसाला उभ्या उभ्या परत पाठवतो आणि सांगतो, असल्या कारणासाठी पुन्हा निरोप पाठवू नकोस म्हणावं. त्याच्या खालीच ओळ आहे, कामापुढे त्यांना घर दिसत नसे. आपण ती ओळ ऐकली तेव्हा तिघींनीही माना डोलावल्या होत्या.

"आता बघ," मी म्हटलं. "बायकोने कळवलं नाही, कारण कळवायचं नाही हे त्यानेच तिला शिकवलं. कळणार नाही अशी व्यवस्था आधी करायची आणि मग म्हणायचं, मला कुठे ठाऊक होतं! आणि घर दिसत नसे हे म्हणतंय कोण? कंपाउंडर. सगळी गोष्टच तो सांगतोय. तो डॉक्टरचा भक्त. तालुक्याच्या घरात तो कधी राहिलाय? बायको त्याला दिसते ती दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी, तेवढीच. आपण डॉक्टरला नाही पाहिलं, कंपाउंडरच्या डोळ्यांनी पाहिलं."

ती काही कच्ची नव्हती, आई. म्हणाली, "बरं, कंपाउंडर भक्त. पण निरोपाची ती गोष्ट पुस्तकात घातली कोणी? लेखकानेच ना? म्हणजे त्याला दिसत होतं. त्याने लपवलं नाही. तू लेखकाशी भांडतच नाहीयेस, कंपाउंडरशी भांडतेयस. आणि ती साथीतली माणसं जगली, त्यांचं काय? त्या पानावर ठेव की बोट!"

मी ठेवलं. ते पान खोटं नव्हतं. म्हातारीच्या खाटेशी बसून तो स्वतःच्या हाताने तिला मीठसाखरेचं पाणी पाजतो, उलटी अंगावर झेलतो. मी मान्य केलं की तो मोठा आहे. "पण त्या मोठेपणाची किंमत कोणी दिली? त्याने नाही दिली," मी म्हटलं. "ज्यांना कोणी विचारलं नाही त्यांनी दिली." तिने निरोपाचं पान पुन्हा काढलं. तांदूळ निवडले नाहीत. बराच वेळ तिचं बोट त्या निरोपाच्या ओळीवरच होतं.

पडघ्याची मंडळी आली तेव्हा तिने पोहे ठेवले आणि बसल्या जागेवरून सरळ मुलाला विचारलं, "मला ताप आला आणि मी पाड्यावर निरोप पाठवला, तर तुम्ही याल?" काकांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, हातातला चमचा तसाच राहिला. मुलगा वाईट नव्हता. त्याने विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "अगदीच तसं काही असलं तर येईन. पण तापबिप अशा कारणाला निरोप पाठवायची सवय नको." त्याची आई कौतुकाने हसली. "आमचा हा असाच हाय. कामापुढं घर दिसतच न्हाय त्याला."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं.

आत येऊन ती म्हणाली, "मावशी, मला नाही करायचं. हा अगदी पुस्तकातला डॉक्टर आहे." काका संतापले. "डोकं फिरलंय का? पुस्तकातल्या माणसावरून सोन्यासारखा मुलगा नाकारायचा? लोक शेण घालतील तोंडात!" ती रडत होती, पण मागे हटत नव्हती. तू पदर खोचलास, बाहेर गेलीस आणि हात जोडून पाहुण्यांना सांगितलंस की मुलीचं मन नाही, तिच्यावर राग धरू नका, धरायचा तर माझ्यावर धरा. काका त्यानंतर वर्षभर आपल्या घरी जेवले नाहीत.

त्या संध्याकाळी मी विजयी चेहऱ्याने ओट्याशी आले. तू उरलेले पोहे झाकत होतीस. म्हणालीस, "एवढी फुगू नकोस. मला तो डॉक्टर आवडतो गं. अजून आवडतो. असली माणसं नसती तर त्या म्हातारीला पाणी कोणी पाजलं असतं? पण भाची नाही द्यायची मी त्याला." आणि बहिणीकडे वळून म्हणालीस, "खा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

तिचं पुढे छान झालं, हे तू पाहूनच गेलीस. नवरा बसस्टँडजवळ स्टेशनरीचं दुकान चालवतो, तिला शिंक आली तरी शटर ओढून घरी येतो आणि तिची बोलणी खातो. आम्ही दोघी फोनवर अजून डॉक्टरवरून भांडतो. ती त्याच्या बाजूने, मी विरुद्ध, आणि कोणी तसूभर हलत नाही. माझ्या म्हणण्यातला एक शब्दही मी आज बदलणार नाही.

फक्त ते म्हातारीच्या खाटेचं पान आलं की माझ्याने पुढे वाचवत नाही. डोळे भरून येतात. वाटतं, उठावं आणि त्याच्या पाया पडावं. वर्गात ते पान मी नेहमी एखाद्या मुलीला वाचायला लावायचे. बहिणीला हे कळलं तर ती म्हणेल, बघ, जिंकले मी! म्हणून एवढं तुझ्यापाशीच बोलले, आई, कारण आता तू तिला सांगणार नाहीस.