आभार मी मानणार नव्हते

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. आज तो पुन्हा उसळला. महिला मंडळाच्या कार्यक्रमात मला ऐनवेळी विचारलं, "ताई, आभार तुम्ही मानता का?" मी म्हटलं, "नाही, मला जमणार नाही." विषय तिथेच संपला. घरी आले, चहा ठेवला आणि लिहायला बसले.

तुम्हाला तो गणपती आठवतो का? पोलाद कारखान्याची दुसरी भट्टी उभी राहत होती आणि तुम्ही ठेकेदाराकडे खलाशी होतात, दोरखंडाने अवजड लोखंड वर चढवायचात. क्वार्टरांमधल्या मैदानावरचा मांडव त्याच ठेकेदाराने दिलेला, लाउडस्पीकरही त्याचाच, म्हणून प्रमुख पाहुणाही तोच. शेजारच्या काकूंचे यजमान त्याच वर्षी त्याच्या परांचीवरून पडून वारले होते. फळी बांधलेलीच नव्हती, हे तुम्हीच जेवताना सांगितलं होतंत, आणि आईने तुम्हाला हळू बोला म्हणून दटावलं होतं. त्या काकू सतरंजीवर माझ्या शेजारी बसल्या आहेत. पाहुण्याच्या गळ्यात सुपेल्याच्या बाजारातून आणलेला हार पडतो आहे, आणि त्या खाली मान घालून पदराचं टोक पिळत आहेत.

तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी वाकून माझ्या कानाशी येतात. "पोरी, आभार तू मान. ज्यायचं नाव ठरलं होतं ते ड्युटीवर अडकले. तू शाळेत शिकवतेस, दोन शब्द बोलून दे."

स्वागताला माणूस आधीपासून ठरलेला असतो. आभार मात्र उरलंसुरलं काम, जो समोर दिसेल त्याच्या गळ्यात मारायचं. आणि ते सोपं थोडंच असतं! पाहुणे, अध्यक्ष, वर्गणीदार, मांडववाला, प्रसाद रांधणाऱ्या बायका. एक नाव गळलं तरी वर्षभर टोमणे ऐका. पण ही भीती मला नव्हती. त्या माणसाचे आभार काकूंच्या देखत माझ्या तोंडून निघणार नव्हते, एवढंच होतं.

मी कारण सांगितलं नाही. घसा बसलाय म्हटलं असतं तर त्यांनी गरम पाणी आणलं असतं; तयारी नाही म्हटलं असतं तर कागद पुढे केला असता. मी म्हटलं, "काका, मला जमणार नाही. आताच सांगते, म्हणजे तुम्हाला दुसरं कोणी पाहता येईल. खजिनदारांना सगळी नावं ठाऊक आहेत, त्यांना विचारा. आरतीची तयारी मी करते." नाही म्हणायची याहून सभ्य रीत मला आजही माहीत नाही. सेक्रेटरी "बरं" म्हणाले आणि गेले. गेले ते सरळ तुमच्याकडे!

तुम्ही बायकांच्या बाजूला आलात. "कावून नाही म्हणतेस? माणसानं आपल्याले मान दिला."

"बाबा, काकू बसल्या आहेत इथं."

"मले दिसून राहिलं. पण उद्या त्याच्याच हाताखाली कामाले जायचं हाय मले. मी हो म्हणून आलो."

मी हो म्हणून आलो! माझ्या तोंडाचं हो तुम्ही परस्पर देऊन आलात, बाबा. मी कमावती होते, मला जीभ होती, ती वापरून मी स्पष्ट नकार दिला होता. तुमच्या लेखी तो नकार नव्हताच, पोरीचा हट्ट होता.

मग माइकवरून माझं नाव पुकारलं. मी उठले नाही. पुन्हा पुकारलं. सगळा मांडव वळून पाहतो आहे, ठेकेदार घड्याळ पाहतो आहे, आणि काकूंनी माझा हात घट्ट धरला आहे. तेव्हा तुम्ही उठलात. चार माणसांत कधी तोंड न उघडलेले तुम्ही माइकपाशी गेलात आणि म्हणालात, "साहेबांनी आमाले लेकरासारखं सांभाळलं." लेकरासारखं! काकूंनी माझा हात सोडला. त्या उठून घरी गेल्या. काही दिवसांनी त्यांचा भाऊ आला आणि त्यांना गावी घेऊन गेला. जाताना त्या आपल्या दाराशी निरोप घ्यायलाही थांबल्या नाहीत.

तुम्हाला भीती होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पोटासाठी माणूस वाकतो. पण खजिनदार होते, सेक्रेटरी होते, त्यांच्यापैकी कुणीही बोललं असतं. मला पुढे ढकलायची काय गरज होती? त्यानंतर महिनाभर तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत, जणू मीच तुमचं काही हिसकावलं होतं. मीही बोलले नाही. पुढे तुम्ही आजारी पडलात तेव्हा औषध देत होते, पाय चेपत होते, पण हा विषय काढला नाही.

हे पत्र कुठे टाकणार? टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं, कारण खाली एक गोष्ट लिहावी लागली असती, आणि ती तुम्हाला कळू द्यायची माझी तयारी नाही. त्या दिवशी तुम्ही एकही नाव गाळलं नाहीत, आवाज कापला नाही, मांडव टाळ्यांनी भरून गेला. बाबा, तुम्ही फार छान बोललात. आणि क्षणभर मला तुमचा अभिमान वाटला होता.