सात नंबरचा मायक्रोमीटर

मंगळवार, ४ मार्च

झालं एकदाचं! सात नंबरच्या मायक्रोमीटरचं शून्य मी आज मुद्दाम सरकवलं. दोन शतांश मिलिमीटर. जबडे पूर्ण मिटले तरी तो शून्य न दाखवता ०.०२ दाखवतो. नुसत्या डोळ्यांना पटकन कळत नाही, पण ज्याला आधी शून्य तपासायची सवय आहे त्याला कळतंच. मुलांना मोजायला देणार ती पिन खरी १८.४२ मिलिमीटरची. न तपासता मोजली तर १८.४४ येणार. जो शून्य बघेल, चूक लिहील आणि वजा करेल, तोच आमच्या पंप कारखान्याच्या तपासणी विभागात यायच्या लायकीचा. बाकी सगळं शिकवता येतं, ही सवय शिकवता येत नाही.

जागा एक, शेवटच्या फेरीला उरले दोघं. एक चष्मेवाला, याच शहरातला, हजरजबाबी. दुसरा कुठल्यातरी लहान गावचा, वर्कशॉपमध्ये एक वर्ष काढलेला. आयुष्यातली पहिली मुलाखत. दोघांना आज कागदपत्रं तपासायला बोलावलं होतं. बाहेरच्या बाकावर बसले होते. गावच्या मुलाचे बूट इतके नवे की चालला की करकरत होते. फाइल छातीशी धरलेली. मी जवळून गेले तर उभाच राहिला. म्हटलं, "बसा हो." तर म्हणाला, "चालेल ताई... मॅडम." आणि उभाच.

माझं काळीज हललं, हे इथे लिहून ठेवते. बावीस वर्षांपूर्वी मी अशीच आले होते, आणि बाबा गेटबाहेर तीन तास उन्हात उभे होते. म्हणूनच जपून राहायला हवं. गावचा म्हणून त्याला झुकतं माप मिळता कामा नये!

उत्तरांचा कागद साडेतीनला छापला. बाहेरचा प्रिंटर नेहमीप्रमाणे अडला, दोनदा दाबलं तेव्हा कुठे हलला. तो कागद मी पाहिला आणि साहेबांनी. मिलिमीटरकाकांनासुद्धा सांगितलं नाही. तीस वर्षं प्रयोगशाळेत आहेत, पण चेहऱ्यावर काही लपत नाही त्यांच्या. उद्या मुलं आत असताना त्यांना स्टोअरमध्ये बसवणार आहे.

बुधवार, ५ मार्च

मुलाखती झाल्या. डोकं दुखतंय.

सकाळी लवकर गेले. प्रिंटरच्या ट्रेमध्ये कालच्या कागदाची आणखी एक प्रत! पालथी पडलेली, म्हणून बरं. फाडून टाकली.

प्रात्यक्षिकाला एकेकाला पंधरा मिनिटं आत पाठवलं. दारापाशी कार्मिक विभागाचा कारकून, घड्याळ धरून. त्याला मोजमापातलं काही कळत नाही, आणि तेच हवं होतं. मी तेव्हा साहेबांबरोबर दुसऱ्याची तोंडी घेत होते.

चष्मेवाला छान बोलला. साहेब खूश. "याला माइक द्या, मीटर कशाला?" म्हणून स्वतःच हसले.

गावचा मुलगा खुर्चीच्या कडेवर. साहेबांनी विचारलं, "माल निघायची घाई आहे, तुकडा केसभर मापाबाहेर आहे, वरिष्ठ म्हणतात पास कर. काय कराल?" तो म्हणाला, "मोजलं तेवढंच लिहीन, सर. पास करायचं का नाही ते सही करणारा ठरवेल." अगदी तयार उत्तर. मला खटकलं. पहिल्याच मुलाखतीत इतकं नेमकं कोण बोलतं? की कोणी पढवून पाठवलाय?

मग उत्तरपत्रिका आल्या.

चष्मेवाला: शून्य तपासलं, चूक +०.०२. वाचनं १८.४४, १८.४४, १८.४४. दुरुस्त माप १८.४२. वीसपैकी वीस!

गावचा: शून्य बरोबर. वाचनं १८.४२, १८.४२, १८.४२. माप १८.४२.

तीनदा वाचलं. शून्य बरोबर? सरकवलेल्या उपकरणावर? आणि वाचन १८.४२? ते त्या मायक्रोमीटरवर येऊच शकत नाही. म्हणजे त्याने मोजलंच नाही. शेवटचा आकडा त्याला आधीच ठाऊक होता आणि त्याने तोच तीनदा उतरवला. वाट न चालता मुक्कामी पोचलेला माणूस!

उत्तर कोणी दिलं?

गुरुवार, ६ मार्च

गेटची वही पाहिली. असं मी कधी करत नाही. मंगळवारी चष्मेवाला चारला बाहेर पडलाय. गावच्या मुलाचं कामही चारलाच संपलं होतं, पण बाहेर पडल्याची वेळ पाच चाळीस.

वॉचमनला विचारलं. म्हणाला, "तो करकर बूटवाला ना? बसला होता बाकावर. मग मिलिमीटरकाका चहाला आले, त्यांच्याशी बोलत होता बराच वेळ. एकाच बाजूचे निघाले वाटतं दोघं."

काका!

त्यांना मी कागद दाखवला नाही, पण पिन कपाटातून त्यांनीच काढून दिली होती. तिचं खरं माप त्यांना तोंडपाठ आहे. उपकरण सरकवलंय हे मात्र माहीत नाही. म्हणूनच मुलाकडे अंतिम आकडा आहे आणि चूक नाही! सगळं कसं चपखल बसतंय.

इतकं चपखल बसतंय याची थोडी भीतीही वाटतेय.

काका दुपारी दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, दोन मिनिटं..." मी मान वर न करता म्हटलं, "नंतर." गेले.

शुक्रवार, ७ मार्च

निवडपत्रावर सही केली. चष्मेवाला. शेऱ्यात गावच्या मुलाबद्दल लिहिलं: "प्रात्यक्षिकातील नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत." लिहिताना पेन अडलं. हा शेरा फाइलमध्ये राहतो, तो पुन्हा कधी अर्ज करेल तेव्हाही निघतो.

काकांचं नाव घातलं नाही. पुरावा काय?

घरी लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू त्याला विचारलंस का?"

"असं विचारायचं नसतं."

"म्हणजे भाजीवाल्याचा काटासुद्धा दोनदा बघतेस, आणि माणूस एकदाच?"

बोलायला काय जातंय!

शनिवार, ८ मार्च

दोन्ही पत्रं दुपारी गेली. एक निवडीचं, एक नकाराचं. झोप नाही.

सोमवार, १० मार्च

नीट लिहायचं ठरवलंय, स्वतःला न वाचवता.

सकाळी काका आले, या वेळी दारात थांबले नाहीत. आठवड्याची वही सहीसाठी पुढे ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, गुरुवारीच सांगणार होतो. सात नंबर मंगळवारी दोन शतांश सरकला होता. लावला मी जागेवर. दुसऱ्या दिवशी पोरांची परीक्षा, म्हटलं बिचाऱ्यांना खराब हत्यार नको."

मी विचारलं, "मंगळवारी कधी?"

"पावणेसहाला. रोज बंद करताना सगळी बघतोच की मी!"

वहीत त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: उपकरण ७, शून्य +०.०२, दुरुस्त केले. वेळ ५.४५. चार दिवस ती वही माझ्या टेबलापासून दहा पावलांवर होती. काका रोज शून्य तपासतात हे मला कित्येक वर्षं ठाऊक आहे. मीच लावलेली शिस्त! आणि सापळा लावताना मी नेमकी तीच विसरले.

म्हणजे बुधवारी सकाळी सात नंबर अगदी बरोबर होता. शून्य बरोबर. माप १८.४२. गावच्या मुलाने जे समोर होतं तेच लिहिलं, तीनदा. आणि जी चूक उपकरणात नव्हतीच ती चष्मेवाल्याने 'शोधली'. नसलेली १८.४४ तीनदा वाचली, नसलेली चूक वजा केली. मी त्याला वीसपैकी वीस दिले!

काकांना विचारलं, त्या मुलाशी एवढं काय बोलत होतात? ते गोंधळले. "काही नाही हो. त्याची गाडी साडेसहाची. शहरात कुठे जावं कळेना पोराला, म्हणून बसला होता. आणि उद्या परत यायला कुठली बस धरू, ते विचारत होता." मग त्यांनीच विचारलं, "का मॅडम? काही केलं का त्याने?"

"त्याने नाही, काका."

साहेबांकडे गेले. म्हटलं, चूक माझी, निवड रद्द करा, दोघांची परीक्षा पुन्हा घ्या, या वेळी मी हात बघत समोर उभी राहते. साहेब चिडले. "पत्रं गेलीत बाई! लोक हसतील आपल्याला." म्हटलं, हसू देत, पण खोटं माप लिहिणारा तपासणीत बसला तर पंप फुटतील. बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमच्या सहीने काढा पत्र. माझ्या नाही." काढलं. तो शेराही माझ्याच सहीने खोडला.

पण चष्मेवाल्याला उत्तर मिळालं कुठून? कागद दोघांनीच पाहिला. मी आणि साहेब. "याला माइक द्या" म्हणणारे साहेब. चष्मेवाल्याचं नाव शेवटच्या फेरीत आलं तेही त्यांच्याच शिफारशीने ना? मुलांची पुन्हा परीक्षा घ्यायला नकोच होती त्यांना. उद्या सरळ विचारणार. काय व्हायचं ते होवो.

मंगळवार, ११ मार्च

साहेबांकडे जाण्याआधी गावच्या मुलाला फोन केला. मागे लेथचा आवाज. पुन्हा वर्कशॉपमध्ये लागलाय. पुन्हा परीक्षा घेतोय म्हटल्यावर आवाजापासून लांब गेला. मग म्हणाला, "येतो मॅडम. पण आधी एक सांगतो, नंतर कळलं तर तुम्हाला वाटेल लपवलं. त्या दिवशी बाकाशेजारच्या प्रिंटरवर तुमचा कागद पडला होता, सुलटा. दुसऱ्याने वाचला आणि मलाही सांगितलं, शून्यात दोन शतांश आहेत म्हणून. तो गेल्यावर मी कागद पालथा घातला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर शून्य बरोबर होतं. वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल, तुम्ही बदललं असेल. मग दिसलं तेच लिहिलं."

साहेबांकडे गेले नाही. प्रिंटरपाशी जाऊन उभी राहिले.