पानं सुटली आणि बगळा झडपला

आई, आज तुझ्या नातीने मला वैताग आणला. वहीच्या कोपऱ्यात चेंडू काढून पानं फरफर सोडते, पण चेंडू फुग्यासारखा तरंगतो. सांगितलं, वर पोचताना चित्रं जवळजवळ काढ, खाली येताना लांबलांब. ऐकत नाही. मग तूच आठवलीस. तूही कुणाचं ऐकलं नाहीस.

माझ्या शाळेच्या वहीत बगळा होता. मागच्या अर्ध्या भागात, उजवीकडच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात. शेवटच्या पानापासून मागे येत काढला होता, म्हणजे खालच्या पानावरचं चित्र वरच्यातून दिसायचं आणि ते जरासं हलवून गिरवता यायचं. पानंही मागूनच सोडायची: आधी, अगदी शेवटच्या पानांवर, उभा बगळा, मग इंचइंच वाकणारी मान, शेवटी, वहीच्या मध्याजवळ, चोचीत मासा. बाकावरचा मित्र म्हणाला, "तुझा बगळा मान घाली तवर मासा पार पोलादपूरला पोचंल रे!" सगळा वर्ग हसला. उद्या त्याला गप्प करायचं, म्हणून मी मान आणखी बारीकबारीक वाकवत होतो. बगळा अजूनच म्हातारा होत होता.

आणि तू देवळातल्या खोबऱ्याच्या पुड्या बांधायला माझीच वही घेतलीस. पहिल्या पानांवर 'श्री' लिहिलेलं, म्हणून ती सोडून पुढची फाडलीस.

"आई, माझा बगळा!"

"मागं हात लावला नाय मी. पुढचीच फाडली."

"शिवलेली वही हाय ती! पुढचं पान फाडलं की त्याचं मागचं जोडपान सुटतं!"

"व्हय, सुटली काय ती. त्यांच्याबी पुड्या केल्या. देवाच्या कामी लागली, रडतोस काय?"

बगळ्याची मान घरोघर प्रसादाबरोबर गेली होती. तू काय नासलंस ते दाखवायला मी पानं तुझ्या नाकासमोर सोडली. बगळा उभा. उभाच. आणि एकदम चोचीत मासा. तू दचकलीस. "अगो बाय! खाल्लान की!"

मी पुन्हा सोडली. मधली मान नव्हतीच, तरी ती खाली गेलेली डोळ्यांना दिसत होती. मग उरल्यासुरल्या पानांवरची किंचित वाकलेली मान खोडून मी तिथेही उभा बगळा तसाच, न हलवता गिरवला. जितका जास्त वेळ तो थांबायचा, तितका जोरात झडप घालायचा. दुसऱ्या दिवशी मित्र नुसता म्हणाला, "परत सोड." वर्गाची प्रार्थना सुरू झाली तरी वही त्याच्याच हातात.

हे तुझ्यासमोर कधीच बोललो नसतो, म्हणून लिहून ठेवतोय. तू पानं फाडलीस त्या संध्याकाळी मी ताटावरून उठलो. तुला वाटलं, पानं गेली म्हणून. बगळा माझ्या हातून नाही, तुझ्या हातून जमला, याचा राग आला होता मला.