जनीच्या ओवीत कोणी भर घालू नये

रविवार, दि. १५ सप्टेंबर १९७४ रोजी सायंकाळी साडेपाच वाजता माझा भाचा दत्तोपंत गुप्ते याने तो चालवीत असलेल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या जेवणघरात, भिंतीवर रंगवलेल्या माझ्या कवितेवरचा पडदा सरकवला. शेवटच्या ओळी माझ्या नव्हत्या. म्हणून मी, द्वारका विनायक गुप्ते, निवृत्त शिक्षिका, राहणार कर्जत, जिल्हा कुलाबा, संतापले असले तरी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहिते. आधीचे रद्द समजावे.

कविता पळसदरीच्या जनीवर आहे. भाद्रपदात घरातला तांदूळ संपतो आणि नवे भात अजून शेतातच असते. तेव्हा तिची मुलगी आवडी शाळेत का येत नाही, हे विचारायला मी गेले होते. चुलीवर पेज होती. पेजेत शिते तळाशी बसतात. मुलांना वाढताना जनी पळी तळाशी नेई, स्वतःसाठी वरच्यावर.

"जनी, तुला गं?"

"मला भूक नाय, बाई. तुमी बसा."

पुढच्या भाद्रपदात ती गेली. मी लिहिले ते एवढेच:

वर पाणी, खाली शीत,
पळी हळू फिरवीत,
लेकरांच्या थाळीत
तळ वाढी.

उरे पाणी, तेच घेई,
"भूक नाही" म्हणे आई,
ओठ पुसे, जसे काही
जेवलीच.

ओवीत तीन ओळींना यमक असते. चौथी आखूड आणि यमकाविना राहते. कान आणखी मागतो, त्याला मिळत नाही. दत्तूने तिथे रंगवले: "ओठ पुसे, तृप्त होई, देवाजीच्या कृपेने."

"आत्या, मुलं तिथे जेवायला बसतात, रडगाणं कशाला? शिवाय तुझी ओळ तोकडी होती, मी पुरी केली."

"तोकडी होती, कारण तिच्या ताटात तेवढंच होतं."

त्याच जेवणघरात आता आवडी वाढपीण आहे. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "बाई, माजी आय कवा तृप्त झाली?"

राहते घर आवडीस द्यावे. दत्तूला ते कबूल केले होते, ते मागे घेते. तांब्याची भांडी तिलाच. पुस्तके वसतिगृहास, दत्तूच्या हस्ते नव्हे. कविता हीही माझी मिळकत आहे. तीही आवडीची. तिच्या परवानगीवाचून कोणी एक अक्षर वाढवू नये. दत्तूस पांढऱ्या तैलरंगाचा एक डबा आणि ब्रश.

माझे दिवस करू नयेत. पेज करावी आणि आवडीला आधी वाढावे, तळापासून.

स्थळ: कर्जत. दि. २२ सप्टेंबर १९७४.
सही: द्वारका विनायक गुप्ते
साक्षीदार: उमा प्रधान, निवृत्त मुख्याध्यापिका; गजा ठोंबरे, शेतकरी, शेलू.

नक्कल दत्तोपंत गुप्ते यांस. दत्तू, जनीला पोटभर जेवताना तू कोणत्या दिवशी पाहिलेस? लेखी उत्तर ५ ऑक्टोबर, सायंकाळी साडेपाचच्या आत माझ्या हाती यावे. पाहिले नसल्यास तसे लिही.