उशीतला ठोका

बुधवार, सकाळी, चहाआधी

गणपतीला आम्ही दोघं आठ दिवस गावी येतो, असं विनयने त्याच्या आईला फोनवर सांगून टाकलं. मला न विचारता! माझ्या रजेचं काय? त्यावरून काल रात्री जोरदार भांडलो. माझा जबडा आवळला. तोंडाशी एक वाक्य आलं होतं, परत घेता न येणारं. ते गिळलं.

"आत्ता नको. सकाळी चहाला बोलू."

"टाळतेयस?"

"नाही रे. सकाळी नक्की."

लालबागच्या एका खोलीत रुसून जाणार तरी कुठे? त्याच्याकडे पाठ करून पडले. उशीवर कान टेकला तर माझाच ठोका धडधडत होता. मनात तेच वाक्य घोळवत बसले, तसा तो आणखी वाढला. म्हणजे तेल मीच ओतत होते की! मग वाक्य सोडलं. श्वास जेवढा वेळ घेतला त्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडत राहिले. अर्ध्या तासाने जबडा सुटला, उशी गप्प झाली.

राग गेलाय? नाही. विनय उठलाय, ओट्यावर दोन कप काढतोय. मी एवढंच विचारणार आहे: "आधी मला का नाही विचारलंस?"

आत्ता पुटपुटून बघितलं. जबडा आवळत नाही.