जुन्या मापाचा कुर्ता

॥ श्री ॥
बळेपेठ, बेंगळुरू
८ जुलै २०२५

प्रिय शुभंकर,

स. न. वि. वि. आम्ही दोघी खुशाल. आपल्या चिमुकल्या रक्षिताला सहावा महिना लागला. आजीचा चष्मा ओढणं हा तिचा सध्याचा उद्योग.

फोनवर आई शेजारी असते आणि तोंडातून हे निघणारही नाही, म्हणून कागद. हसू नकोस.

लग्नाच्या वाढदिवसाचं तुझं पार्सल मिळालं. कुर्ता सुरेख आहे, पण दंडांतच अडकला. ओढून काढताना शिवण उसवली, वर दूध पाझरून डाग पडला. चिठ्ठीत लिहिलंस, ‘जुनी मुग्धा लवकर परत पाठव.’ अरे, कुठून पाठवू? पोट सैल पडलंय, उठताना मधोमध उंचवटा येतो. आंघोळीच्या वेळी मी आरशावर टॉवेल टाकते. मला माझीच लाज वाटते रे.

आईचे गुडघे दुखतात म्हणून आले, हे खोटं होतं. मे महिन्यात तू जवळ आलास, टाक्यांच्या जागी इतकं चरचरलं की मी तुला ढकललं. तू दोन दिवस बोलला नाहीस. लेक दिवसभर अंगाला चिकटलेली असते, त्यावर आणखी कुणी हात लावला की नको होतं. इच्छाच होत नाही. कधी होईल, तेही ठाऊक नाही. असली बायको घरी नेऊन तू काय करशील, या विचाराने माझा इथून पाय निघत नाही. आई म्हणते, ‘स्वल्प दिवस राहा.’ शेजारच्या अनुसूयाक्का मात्र रोज विचारतात, जावई रुसले का?

लोभ उरला असेल तेवढा राहू दे, वाढव म्हणायची हिंमत नाही.

तुझी,
मुग्धा


इलेक्ट्रॉनिक सिटी
११ जुलै २०२५

प्रिय मुग्धा,

स. न. वि. वि. तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि उतरायचा स्टॉप गेला, थेट बोम्मसंद्र्याला पोचलो. ऑफिसात तोंड दाखवायच्या स्थितीत नव्हतोच.

कपाटातल्या कुर्त्याचं लेबल बघून ऑर्डर केली. तुला विचारायचं सुचलंच नाही. ‘जुनी मुग्धा’ म्हणजे माझी खेचणारी, हसणारी मुग्धा, असं आता म्हणता येईल, पण ते अर्धं खोटं होईल. मला शरीरही हवं होतं. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टर ‘सगळं ठीक’ म्हणाल्या, मी तेवढंच ऐकलं. टाके तुला आणि रुसलो मी! आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

‘मदत लागली तर सांग’ म्हणायचो ना, त्यात काय करायचं ते लक्षात ठेवायचं कामही तुझ्याच डोक्यावर. आता लसींच्या तारखा, डायपर, औषधं माझ्याकडे. पुण्याला माझ्या आईला सांगितलंय, दूध पुरतं का आणि पोट कधी उतरणार, हे मुग्धाला विचारायचं नाही. ती फुगली आहे, तिचं मी बघतो.

मंगळवारी डॉक्टरांची वेळ धरून ठेवली आहे, तू हो म्हणालीस तरच जाऊ. आणि यापुढे तुला नुसतं जवळ घ्यायचं असलं तरी आधी विचारीन. त्यापुढचं तू म्हणशील तेव्हा. नाही म्हणालीस तर गप्प बसायचा नाही, चहा टाकीन.

रागाचा हक्क तुझा, लोभाची विनंती माझी.

शुभंकर


बळेपेठ
१६ जुलै २०२५

प्रिय शुभंकर,

स. न. वि. वि. कालपासून माझे कान तापलेत. डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? मी सवयीने ‘काही नाही’ म्हणाले. आणि तू सरळ सांगून मोकळा, की तिला दुखतं, इच्छा होत नाही, आणि मी तिच्यावर रुसलो होतो. अग बाई, कुठे तोंड लपवू असं झालं!

डॉक्टरबाई मात्र भाजीचा भाव सांगावा तशा बोलल्या. अंगावर पाजताना एक संप्रेरक कमी राहतं, त्यानेच कोरडेपणा, दुखणं आणि मंदावलेली इच्छा. प्रेम आटलंय असं नव्हे. सहा आठवडे म्हणजे जखम भरल्याचा अंदाज, मन तयार झाल्याची तारीख नव्हे. लावायला क्रीम दिलं, पोटाच्या सुटलेल्या स्नायूंसाठी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. मग उदास वाटतं का, म्हणून दहा प्रश्न विचारले, आणि चौथ्यालाच माझा बांध फुटला. तू रक्षिताला घेऊन उभा होतास. ‘रडू नकोस’ म्हणाला नाहीस, ते बरं केलंस.

त्यांनी तुलाही विचारलं, झोप लागते का? तू नाही म्हणालास. मला माहीतच नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, याची आणखी एक लाज वाटली.

आईला खरं कारण सांगितलं. मला वाटलं, ती रागावेल. ती वाटाणे सोलता सोलता म्हणाली, तुझ्या वेळी मलाही वर्षभर नको झालं होतं, पण हे कुणाला सांगायचं असतं, हेच माहीत नव्हतं. सरी, बरं तर, जा आता, म्हणाली.

रविवारी न्यायला ये. ती इच्छा अजून आलेली नाही, खोटं कशाला बोलू. पण घरी यायची इच्छा झाली आहे.

लोभ वाढव, आता म्हणते.

तुझी,
मुग्धा